प्रकल्प नोंदी: वास्तुशांतीचं आमंत्रण आणि १० वाजून ५५ मिनिटं

१९ एप्रिल २०२६, रविवार

आज अक्षय्य तृतीया, आणि आमच्या फ्लॅटची चावी येऊन आठच दिवस झालेत, त्यामुळे सकाळपासून घरात एकच विषय, की आजच नारळ फोडून टाकू, साडेतीन मुहूर्तातला आहे, कुणाला काय विचारायचंय. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट अजून चालू नाही, किचनच्या ओट्याचा कडप्पा आला नाही, बाथरूमला नळ नाहीत. अप्पा म्हणले नारळाला नळ कशाला लागतोय, पण आईंनी ऐकलं नाही, ज्या घरात चूल पेटणार नाही तिथं प्रवेश करून परत कुलूप लावायचं हे त्यांना पटत नाही, आणि खरं तर मलाही नाही.

मग आत्याबाईंनी कॅलेंडर काढलं आणि सगळे गार पडले. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय तो १५ जूनपर्यंत, म्हणजे धोंड्याचा महिना, त्यात प्रवेश नाही. २५ जुलैला आषाढी, तिथून चातुर्मास. म्हणजे एक तर पुढच्या चार आठवड्यांत उरका नाहीतर सोळा जून ते पंचवीस जुलै एवढीच खिडकी. मिस्त्री म्हणतो वीस मे. मिस्त्रीचा वीस मे म्हणजे दहा जून, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. तर जून.

आमंत्रणाची पोस्ट मी लिहायची असं ठरलं, कारण मी बँकेत आहे आणि बँकेतल्या माणसाला लिहिता येतं असा आमच्या घरात समज आहे. छापील पत्रिका नाही, फक्त फोनवर पाठवायची. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. ही वही त्यासाठीच काढली, कुणी काय सांगितलं ते विसरायला नको.

१० मे, रविवार

गुरुजी येऊन गेले. त्यांनी आधी सगळ्यांना काय काय नको ते सांगू दिलं, मग पंचांग उघडलं. (दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं याचा अप्पांना भारी अभिमान, ते प्रत्येक गुरुजीला हे एकदा सांगतात, जणू त्याला माहीत नसतंय.)

नणंदेला रविवार पाहिजे होता, २८ जून, सगळ्यांना सुट्टी. गुरुजी म्हणले रविवार आणि मंगळवार प्रवेशाला धरत नाहीत, वर त्या दिवशी चतुर्दशी, आणि चतुर्थी नवमी चतुर्दशी या रिक्ता तिथी, रिकाम्या, रिकाम्या तिथीला भरल्या घरात कसं जायचं. बरं मग गुरुवार २५? त्या दिवशी निर्जला एकादशी, आई आणि आत्याबाई पाणीसुद्धा पिणार नाहीत आणि पंगत कुणाला वाढायची. शुक्रवारी द्वादशी आहे पण सकाळी विशाखा नक्षत्र, ते त्यांना प्रवेशाला चालत नाही, अनुराधा लागते संध्याकाळी. शनिवार २७ ला त्रयोदशी, अनुराधा दिवसभर. ठरलं.

शनिवार म्हणल्यावर आत्याबाई जरा कुरकुरल्या, शनिवारी कुणी नवीन घरात जातं का. गुरुजींनी शांतपणे सांगितलं की प्रवेशाला टाळायचे वार दोनच, शनिवार त्यात नाही. आणि मी मनातल्या मनात मोजलं, ६, १३, २०, २७, चौथा शनिवार! बँकेला सुट्टी! रजा वाचली. हे मी मोठ्यानं म्हणाले नाही, नक्षत्राचं चाललं असताना रजेचं काढणं बरं दिसत नाही.

निघताना मी विचारलं की पोस्टमध्ये वेळ काय लिहू. ते म्हणले स्थिर लग्नावर प्रवेश करायचा, त्या दिवशी सकाळी सिंह लग्न आहे, नक्की मिनिटं काढून कळवतो.

३१ मे, रविवार

गुरुजींचा फोन यायच्या आधीच मी पहिला ड्राफ्ट लिहून बसले होते आणि त्यातच घोळाचं बी पडलं. काकांनी, म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावानी, विचारल्याबरोबर तोंडपाठ सांगितलं, शनिवारचा राहूकाळ नऊ ते साडेदहा, तू १०:३५ लिही आणि मोकळी हो. मी लिहिलं. वर आमच्या पुतण्यानं जुन्या पत्रिकेतून मजकूर उचलून दिला होता, 'शके १९४८, पराभवनाम संवत्सरे, निज ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी'.

अप्पांनी चष्मा लावून वाचलं. "पराभव? घरात शिरायच्या आधीच पराभव?"

तर ते या वर्षाचं खरंच नाव आहे. साठ संवत्सरांचं चक्र असतं, गेल्या पाडव्यापर्यंत विश्वावसु होतं, १९ मार्चच्या पाडव्यापासून पराभव, पुढच्या वर्षी प्लवंग. गुरुजी म्हणले मी संकल्पात म्हणणार, तिथं सुटका नाही, पण आमंत्रणात लिहिलंच पाहिजे असं काही नाही. काढून टाकलं. अप्पांना विश्वावसु आवडलं होतं, गेल्या वर्षीच चावी दिली असती तर बिल्डरचं काय गेलं असतं असं बराच वेळ चाललं.

आता मिनिटांचं. गुरुजींनी फोनवर सांगितलं प्रवेश १०:५५ ते ११:३५. मी म्हणलं राहूकाळ तर साडेदहाला संपतोय ना, मग वीस-पंचवीस मिनिटं का घालवायची. त्यावर त्यांनी जे समजावलं ते मी पूर्ण लिहून ठेवतेय कारण नंतर प्रत्येकाला मलाच सांगावं लागणारे.

नऊ ते साडेदहा हे कधी खरं, तर सूर्य बरोबर सहाला उगवून सहाला मावळत असेल तर. बारा तासांचे आठ भाग, एकेक दीड तासाचा, शनिवारी तिसरा भाग राहूचा. पण जूनच्या शेवटाला दिवस बारा तासांचा नसतोच. २७ जूनला सोलापुरात सूर्योदय ५:५४, सूर्यास्त ७:०५. मधे १३ तास ११ मिनिटं, म्हणजे ७९१ मिनिटं, भागिले आठ, ९९ मिनिटांचा एक भाग. पहिले दोन भाग सोडायचे, १९८ मिनिटं, ५:५४ मध्ये मिळवली की ९:१२. तिसरा भाग ९:१२ ते १०:५१. हा आपला राहूकाळ. काकांच्या १०:३५ ला आम्ही नेमके त्याच्या पोटात शिरलो असतो.

मग मी शहाणपणा केला, आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधला सूर्योदय घेऊन परत मांडलं तर उत्तर ९:२२ ते ११:०१ आलं. आता हे कुठून आलं? बारीक अक्षरात बघितलं तर तो सूर्योदय मुंबईचा. मुंबई आपल्या पश्चिमेला साधारण तीन अंश, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे बारा मिनिटं आधी डोक्यावर येतो. उगवताना थोडा फरक, नऊच मिनिटं, कारण मुंबई जरा उत्तरेला आहे आणि उन्हाळ्यात उत्तरेला दिवस मोठा. तर घड्याळ दोघांचं एकच पण सूर्य वेगळा. गुरुजी म्हणले तिथी आणि नक्षत्र संपायची वेळ सगळ्या देशात एकच, ती चंद्रसूर्याची गोष्ट आहे, पण राहूकाळ आणि लग्न त्या त्या गावचं, ते तुमच्या गच्चीवरून मोजायचं.

लग्न म्हणजे पूर्वेला त्या वेळी जी रास उगवत असते ती, साधारण दोन-दोन तास एकेक. स्थिर राशी चार, वृषभ सिंह वृश्चिक कुंभ, घर स्थिर राहावं म्हणून त्यातली एक धरतात. सिंह त्या दिवशी सोलापुरात साडेनऊच्या सुमाराला लागते आणि ११:४० पर्यंत असते. त्यातला पहिला तास-सव्वा तास राहूकाळात गेला, उरलं १०:५१ ते ११:४०. दोन्हीकडून चार-पाच मिनिटं सोडून १०:५५ ते ११:३५.

एक खासगी शंका विचारली, की गुरुजी, राहूकाळ आपल्यात एवढा बघतात का? ते हसले, म्हणले तो जास्त खाली दक्षिणेकडं बघतात, पण ताई तुमच्या पंगतीला अर्धी साखर पेठ असणार, तेलुगू आणि कानडी घरं, ते आधी राहूकाळ बघतील मग पत्ता बघतील. हे मात्र शंभर टक्के खरं.

७ जून, रविवार

वेळ मिळाली तरी पोस्टचं भागत नाही हे आज कळलं, कारण वेळ एक नाहीये, तीन आहेत. मला वाटत होतं आधी प्रवेश मग पूजा. उलटं आहे. पूजा सकाळी साडेसहाला चालू, गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मग वास्तुमंडल मांडणार, एक्याऐंशी घरांचं, ग्रहांचं हवन, बली. हे झाल्यावर आम्ही दोघं बाहेर जाणार आणि पाण्याचा कलश घेऊन १०:५५ ला विधिवत आत येणार. मग दूध उतू घालायचं, मग पूर्णाहुती. जेवणं साडेबाराला.

मी विचारलं हवन राहूकाळात येतंय ते चालतंय का, तर चालू केलेलं काम थांबवायचं नसतं, नवीन सुरू करायचं नाही, एवढंच.

आता पोस्टमध्ये साडेसहा, १०:५५ आणि साडेबारा तिन्ही लिहिलं तर काय होतं ते मी दिराच्या वास्तुशांतीला बघितलंय. कुणी नवाला आलं, हॉलमध्ये होमाचा धूर, बसायला जागा नाही, लोक जिन्यात उभे, आणि वहिनी होमातून उठून चहा करायला. आमचा हॉल दहा बाय सोळा, त्यात मंडल आणि होमकुंड मांडल्यावर पंधरा माणसंसुद्धा दाटीनं. पूजेची वेळ पोस्टमध्ये लिहायचीच नाही, ज्यांना यायचंय त्यांना फोन करायचा. प्रवेशाची लिहायची. जेवणाची ठळक लिहायची. नवरा म्हणाला मग दोन पोस्ट कर. नाही, दोन केल्या की दुसरी पहिल्याच्या घरी जातेच, आणि मग 'आम्हाला नुसतं जेवायला बोलावलं' हे दहा वर्षं ऐकायचं.

सुरुवातीच्या ओळी जमत नव्हत्या. पुतण्याचं चारोळीचं सुचवणं होतं, स्वप्नांच्या वीटा वगैरे, ते मी वाचून परत दिलं. आमच्या घराला वीटा कमी आणि हप्ते जास्त आहेत.

मग संध्याकाळी अप्पा गॅलरीत बसून आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणले, भोंगा व्हायचा तवा मी दाराच्या बाहेर असायचो. अप्पा मिलमध्ये होते, मिल बंद पडली तोपर्यंत. आई सांगतात पहिला भोंगा झाला की चहा, दुसऱ्याला चप्पल. घरात घड्याळ होतं पण ते बघायचं कुणाला कामच नव्हतं, गावाला ऐकू जायचा. मी आत जाऊन ती ओळ लिहून टाकली आणि मग बाकीचं आपोआप आलं.

१४ जून, रविवार

घोळ झाला. धोंड्याचं जेवण होतं, नणंद आणि जावईबापू आले होते, अनारसे, पुरणाचे धोंडे, चांदीचं निरांजन, सगळं नीट झालं. जेवणानंतर मी आवराआवरीत, माझा फोन चार्जिंगला, नणंदेनं 'बघू तरी काय लिहिलंयस' म्हणून उघडला आणि तिला सापडला तो पहिला ड्राफ्ट. १०:३५ वाला. पराभववाला. तिला वाटलं फायनल आहे, तिनं कौतुकानं फॅमिली ग्रुपवर टाकून दिला, वरून फुलं.

मला कळेपर्यंत दोन तास गेले होते. डिलीट केला, पण तोवर सोळा जणांनी अंगठा दिला होता आणि पुण्याच्या मावशींनी तो त्यांच्या ग्रुपवर पाठवला होता. चूक माझीच, ड्राफ्टला 'ड्राफ्ट' लिहायचं असतं एवढं बँकेत आम्ही नव्या पोरांना शिकवतो.

लगेच दुरुस्ती टाकणार होते, आत्याबाईंनी हात धरला. एक तर अजून अधिक महिना चालू, आमंत्रण आत्ता द्यायचंच नव्हतं, त्यात उद्या अमावास्या, परवा मंगळवार. बुधवारी दे. आणि दुरुस्ती म्हणून देऊ नको, पहिलं काही गेलंच नव्हतं असं समजून नवीन दे. मला आधी हे जुन्या वळणाचं वाटलं, नंतर पटलं. दुरुस्तीची पोस्ट लोक वाचत नाहीत, त्यात जुनी वेळ आणि नवी वेळ दोन्ही असतात आणि डोक्यात जुनीच राहते. नवी पोस्ट, एकच वेळ, आणि ज्यांनी अंगठा दिला त्यांना तोंडी फोन. सोळातले अकरा आमचे जवळचे. फोन करून झाले. मावशी म्हणल्या, वीस मिनिटांनी काय होतंय गं, मी म्हणलं मावशी काही होत नाही, पण तुम्ही १०:३५ ला दारात आणि आम्ही कलश घेऊन जिन्यात, मग तुम्हालाच विचारावं लागेल आत या म्हणून का थांबा म्हणून.

१७ जून, बुधवार

पाठवली. इथं उतरवून ठेवते.

'सप्रेम नमस्कार,

साखर पेठेतल्या दोन खोल्यांत आमची बेचाळीस वर्षं गेली. त्या घरी तुम्ही चप्पल कुठं काढायची आणि कुठल्या पायरीला डोकं सांभाळायचं हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आता जुळे सोलापुरात स्वतःचा फ्लॅट झालाय. डोकं आपटणार नाही, मोजून बघितलंय.

शनिवार, २७ जून २०२६, निज ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, या दिवशी वास्तुशांत आहे.

गृहप्रवेश सकाळी १० वाजून ५५ मिनिटांनी. (सोलापूरचा राहूकाळ १०:५१ ला संपतो. मुंबईच्या कॅलेंडरवर बघू नये.)

जेवण दुपारी १२:३० ते ३. आपण सहकुटुंब यायचंच.

अप्पांनी पूर्ण नोकरी भोंग्याच्या वेळेला घर सोडलं. यावेळी वेळेवर घरात शिरायचंय, तेवढं बघायला या.

आहेर, टॉवेल-टोपी, भिंतीवरचं घड्याळ काहीही आणू नये. घड्याळं तीन झालीत.

लिफ्ट चालू आहे. गाडी मागच्या गल्लीत लावावी, मॅपवर टाकलेली खूण पुढच्या गेटची आहे. ज्यांना जिना किंवा गर्दी जड जाते त्यांनी दीडनंतर यावं, तुमच्यासाठी हॉल रिकामा ठेवतो.

आम्ही सगळे, पहिल्या भोंग्यापासून वाट बघतोय.'

कंसातल्या मुंबईच्या ओळीवर घरात मतदान झालं. नवरा म्हणाला आमंत्रणात कोण असं लिहितं. मी म्हणलं ही ओळ नसली तर किमान दहा फोन येतील की राहूकाळ अकरापर्यंत आहे, तुम्ही चुकलात. ठेवली. आणि आले फक्त दोन, त्यातला एक मुंबईहून.

'दीडनंतर' ही ओळ आईंची आहे, मला सुचली नसती. त्यांच्या गुडघ्यांना सुचली.

२१ जून, रविवार

पोस्टवरून माणसं मोजायचं एक गणित कळलं. 'नक्की येणार' लिहिलेले सगळे येत नाहीत आणि नुसते हात जोडलेले सगळे येतात. केटररला १४० सांगितलंय. गव्हाची हुग्गी, येळवणीची आमटी, भरली वांगी, शेंगा चटणी, मठ्ठा. हुग्गी म्हणजे खीर ओ, पुण्याच्या लोकांना दरवेळी सांगावं लागतं. आत्याबाईंचा शनिवारचा उपास, त्यांना वेगळी भगर.

वास्तुपुरुषाचं एक अवघड होतं. जमिनीच्या घरात आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून त्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी ठेवतात, बरोबर सप्तधान्य, शेवाळ, पंचरत्नं. तिसऱ्या मजल्यावर खड्डा कुठला काढायचा, खाली दुसऱ्याचं छत आहे. फरशी बसवतानाच आग्नेयेची एक फरशी मोकळी ठेवायची असते, खालच्या सिमेंटच्या थरात दीड-दोन इंच जागा मिळते, तेवढीच, स्लॅबला हात लावायचा नाही. आम्ही मिस्त्रीला सांगितलं होतं. त्यानं फोनवर दिशा बघितली, फोन ठेवला होता लोखंडी शिडीवर, सुई फिरली आणि त्यानं मोकळी ठेवली बरोबर दक्षिणेची. सकाळी सूर्य कुठून आत येतोय ते बघून अप्पांनी ओळखलं. मग आग्नेयेची कटरनं कापून काढली, एक कोपरा उडाला, तिथं आता धान्याचा डबा येणार आहे. दिशा बघायची असेल तर फोन हातात धरून, खोलीच्या मधोमध, आणि गजाच्या खांबापासून लांब, हे पुढच्या वेळेसाठी. पुढची वेळ येईल असं हप्ते बघून वाटत नाही.

गॅसची जोडणी २७ च्या आत होणार नाही. दूध इंडक्शनवर उतू घालायचा विचार होता, पण त्यावर दूध सांडलं की ते बंद पडतं आणि दूध तर सांडायचंच आहे. छोटी कोळशाची शेगडी आईंकडे आहे. दूध अर्धाच लिटर, पातेलं लहान आणि उभट, म्हणजे पटकन वर येतं, दोन लिटरच्या पातेल्याला मागं दिराकडे पाऊण तास लागला होता आणि सगळे त्याच्याकडे बघत उभे.

२५ जून, गुरुवार

पाणी. आमच्या भागाची पाळी काल होती ती हुकली, आता पुढची शनिवारनंतर. टँकर शुक्रवारी संध्याकाळी सांगितलाय. केटररनं भांडी घासायचं पाणी वेगळं धरलेलं नव्हतं, ते त्याला आठवण करून वाढवून घेतलं.

एका तेलुगू शेजारीण काकूंचा फोन आला, पोस्ट वाचली, राहूकाळ बघितला, बरोबर आहे, आम्ही येतो. फक्त एवढंच. मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

२७ जून, शनिवार, रात्री साडेअकरा

पाय दुखतायत, थोडक्यात लिहिते.

पूजा साडेसहाची सातला सुरू झाली, गुरुजींनी मधे वेळ भरून काढली. साडेदहाला आम्ही दोघं बाहेर, माझ्या हातात कलश, नवऱ्याच्या हातात देवांची परडी, आणि जिन्यात वीसेक माणसं. १०:४० ला काका म्हणले चला की आता. कुणी हललं नाही. माझ्या मागच्या पायरीवर त्या तेलुगू काकू घड्याळात बघत होत्या आणि शेजारी मावशी, दोघींचं चांगलं जमलं होतं.

अप्पा दारात उभे होते, आतल्या बाजूला, त्यांना आम्ही बाहेर या म्हणत होतो तर म्हणले मी इथंच बरा, मी सांगतो कधी ते. १०:५५ ला त्यांनी तोंडावर दोन्ही हात धरले आणि भोंगा वाजवला. खरा भोंगा, लांब, खालून वर जाणारा, मग तसाच धरून ठेवलेला. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. गुरुजींचा मंत्र चुकला, ते परत पहिल्यापासून म्हणले. आईंनी पदर तोंडाला लावला, हसत होत्या का काय ते मागून कळलं नाही.

दूध ११:०९ ला उतू गेलं, पूर्वेकडं गेलं, शेगडी विझली नाही.

जेवायला १६३. हुग्गी संपली, पुण्याच्या लोकांनी संपवली. घड्याळं दोन आली.